ट्रान्सक्रिप्टमधला शब्द खोडला की आवाजात नेमकं काय कापलं जातं?

प्रश्न: गावातल्या जुन्या माणसांच्या मुलाखती मी फोनवर रेकॉर्ड करते. आता असं सॉफ्टवेअर वापरतेय ज्यात मजकुरातला शब्द डिलीट केला की तो आवाजातूनही जातो. कधी पत्ताही लागत नाही इतकं छान कापलं जातं, पण कधी पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर खाल्लं जातं, तर कधी ‘टक्’ असा आवाज येतो. शब्द कुठे आहे हे सॉफ्टवेअरला कळतं कसं? आणि मराठीसाठी त्यावर किती भरवसा ठेवावा?

उत्तर:

तुम्ही शब्द खोडता, पण सॉफ्टवेअर वेळेचा एक तुकडा वगळतं. त्याच्याकडे मजकुरातल्या प्रत्येक शब्दापुढे दोन आकडे असतात, शब्द सुरू झाला ती वेळ आणि संपला ती वेळ. खोडलेल्या शब्दाचे आकडे घेऊन ते एक यादी बनवतं: मूळ फाइल इथपर्यंत वाजव, मग अमुक ठिकाणी उडी मार आणि पुढे वाजव. मूळ रेकॉर्डिंगला हातही लागत नाही, म्हणून तर खोडलेला शब्द परत आणता येतो. ‘बेमालूम’ आणि ‘अक्षर खाल्लं’ यातला सगळा फरक त्या दोन आकड्यांत आहे. अडचण अशी की माणूस बोलतो तेव्हा शब्दांच्या मध्ये रेघ मारलेली नसते. कागदावर दोन शब्दांमध्ये जागा दिसते, आवाजात बहुतेक वेळा ती नसतेच.

तुम्ही कुठलं सॉफ्टवेअर वापरता ते लिहिलेलं नाही, म्हणून कुठलं बटण दाबा ते सांगत नाही. फोन किती जवळ होता, खोलीत पंखा चालू होता का, आजोबा भरभर बोलतात की थांबून, यावरही बरंच अवलंबून आहे. पण आकडे येतात कसे ते एकदा समजलं की कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये चूक कुठे झाली ते कानाने ओळखता येतं.

शब्दाची वेळ काढायची सगळ्यांत भरवशाची पद्धत अशी. आवाजाचे १० किंवा २० मिलिसेकंदांचे बारीक तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यासाठी मॉडेल सांगतं की इथे ‘क’ असण्याची शक्यता इतकी, ‘आ’ असण्याची इतकी, काहीच नसण्याची इतकी. मजकूर आधीच हातात असल्यामुळे अक्षरांचा क्रम ठरलेला असतो. आता फक्त त्या क्रमातली अक्षरं या तुकड्यांवर अशी पसरायची की सगळ्या शक्यता मिळून सर्वांत जास्त होतील. शब्दाचं पहिलं अक्षर ज्या तुकड्यावर पडलं ती त्याची सुरुवात, शेवटचं अक्षर जिथे संपलं तो शेवट. याला फोर्स्ड अलाइनमेंट म्हणतात, म्हणजे दिलेला मजकूर आवाजावर बसवणं. लक्षात घ्या, इथे मॉडेल मजकुरावर शंका घेत नाही. तुम्ही चुकीचा शब्द दिलात तर तोही ते कुठेतरी बसवतंच.

दुसरी पद्धत, मजकूर आणि वेळ एकदमच काढायची. २०२२ मध्ये आलेलं व्हिस्पर हे बोलणं मजकुरात उतरवणारं मॉडेल मूळचं अख्ख्या वाक्याच्या किंवा वाक्यखंडाच्या वेळा देतं. शब्दागणिक वेळा हव्या असतील तर मजकूर लिहिताना मॉडेलचं लक्ष आवाजाच्या कुठल्या भागावर होतं, त्यावरून त्या मागाहून काढल्या जातात. मजकूर दाखवायला, हवं ते वाक्य शोधायला हे उत्तम आहे. कापायला मात्र मी त्या वेळा जशाच्या तशा घेत नाही.

आता तुमचं खाल्लेलं अक्षर. अशा अनेक मॉडेलांना शिकवताना कुठलं अक्षर नेमकं कुठल्या क्षणी सुरू झालं ते सांगितलेलं नसतं. अक्षरं योग्य क्रमाने ओळखली की झालं. त्यामुळे मॉडेलला अक्षराची खात्री वाटते ती त्याच्या मध्यावर कुठेतरी, एक-दोन तुकड्यांपुरती, आणि आजूबाजूच्या तुकड्यांना ते ‘रिकामं’ म्हणून सोडून देतं. परिणामी शब्दाची नोंदलेली सुरुवात खऱ्या सुरुवातीपेक्षा थोडी उशिरा येते आणि शेवट थोडा लवकर. ‘साठवला’मधला ‘स’ सुरू होऊन पन्नास-साठ मिलिसेकंद झाल्यावर नोंद पडली, आणि सॉफ्टवेअरने मागचा शब्द काढताना थेट त्या नोंदीपर्यंत सगळं कापलं, की तुम्हाला ‘साठवला’ऐवजी ‘आठवला’सारखं काहीतरी ऐकू येतं. उलट ‘साठवला’ हाच शब्द काढलात तर त्याची ‘स्स’ मागे शिल्लक राहते. दोन्ही चुका एकाच उशिरा पडलेल्या आकड्याच्या.

एक उदाहरण घेऊ. समजा एक आजोबा म्हणतात, “मग आम्ही म्हणजे आपलं त्या वर्षी कांदा चाळीतच ठेवला.” आपल्याला ‘म्हणजे आपलं’ काढायचं आहे. वेळा समजा अशा आल्या (सेकंदांत):

```
मग       ४१.१२   ४१.३०
आम्ही     ४१.३०   ४१.६८
म्हणजे    ४१.७४   ४२.१०
आपलं     ४२.१०   ४२.५२
त्या      ४२.९४   ४३.०८
वर्षी     ४३.०८   ४३.४४
```

नुसते दोन शब्द खोडले तर ४१.७४ ते ४२.५२ एवढाच भाग जाईल. मागे काय उरलं बघा. ‘आम्ही’नंतरचे ०.०६ सेकंद आणि ‘आपलं’नंतर आजोबा थांबले ते ०.४२ सेकंद. एकूण जवळजवळ अर्धा सेकंद. शब्द गेले, पण त्यांच्यासाठी घेतलेला विराम राहिला, आणि तो ‘आम्ही’नंतर येऊन बसला. ऐकणाऱ्याला वाटतं, आजोबा काहीतरी आठवायला अडखळले. बऱ्याचदा त्या विरामात श्वासही असतो, मग तो आणखीच ठळक होतो.

म्हणून विरामही काढायचा, पण कुठपर्यंत? इथे उच्चार उपयोगी पडतो. ‘त्या’ची सुरुवात ‘त’ने होते. ‘त’ म्हणताना जीभ दातांना टेकते, हवा अडते, आणि मग ती सुटते. हवा अडलेली असते त्या पन्नास-शंभर मिलिसेकंदांत आवाज जवळजवळ शून्य असतो. मॉडेलने ४२.९४ ही वेळ दिली ती हवा सुटल्याची. म्हणजे त्याच्या आधीचा थोडा शांत भाग ‘त’चाच आहे, विरामाचा नाही. मी उडी ४२.८८ वर टाकेन, म्हणजे हवा सुटण्यापूर्वी ०.०६ सेकंदांची शांतता जागेवर राहील. ती काढून टाकली तर ‘त’ बोथट होतो, कधी कधी ‘द’सारखा वाटतो.

डाव्या बाजूला ‘आम्ही’ ४१.६८ ला संपतो असं नोंदलंय आणि ‘म्हणजे’ ४१.७४ ला सुरू होतो. मधले ०.०६ सेकंद शांत आहेत असं समजू नका. तिथे ‘ही’मधला ‘ई’ चालूच असतो आणि ओठ ‘म’साठी मिटत येत असतात. फार उशिरा कापलं तर शेवटी ‘म्’ डोकावेल, फार लवकर कापलं तर ‘आम्हि’ असं तुटेल. ४१.७० ठीक आहे. आता ‘ई’ चालू असताना एकदम ‘त’ची शांतता येते, आणि ‘आम्ही त्या’ असं सलग बोलताना नेमकं हेच होतं. ‘त’साठी जीभ टेकली की स्वर झटकन तुटतोच. म्हणून हा सांधा ओळखू येत नाही. एकूण १.१८ सेकंद गेले. ffmpeg या प्रोग्रामच्या कमांडने करायचं झालं तर असं, यात base.wav म्हणजे मूळ रेकॉर्डिंगची वेव्ह फाइल:

```
ffmpeg -i base.wav -filter_complex "[0:a]atrim=end=41.705,asetpts=PTS-STARTPTS[a];[0:a]atrim=start=42.875,asetpts=PTS-STARTPTS[b];[a][b]acrossfade=d=0.01" out.wav
```

दोन्ही बाजूंना ५ मिलिसेकंद जास्त का घेतले? कारण शेवटच्या भागात दोन तुकडे १० मिलिसेकंद एकमेकांवर चढवलेत. एक मंदावतो, दुसरा उचलतो. तुमच्या ‘टक्’चं कारण हेच, की असा चढाव नसतो. कापताना डावीकडचा तरंग वरच्या टोकाला होता आणि उजवीकडचा खालच्या, तर स्पीकरच्या पडद्याला क्षणात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जावं लागतं आणि तो झटका ‘टक्’ म्हणून ऐकू येतो. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कापाला आपोआप असा चढाव, म्हणजे क्रॉसफेड, देण्याची सोय असेल तर ती सुरू करा, ५ ते १५ मिलिसेकंदांवर ठेवा. पन्नासवर नेऊ नका, मग शेजारच्या शब्दांची टोकं एकमेकांत मिसळायला लागतात.

मराठीत या युक्तीला बराच वाव आहे. क, च, ट, त, प या वर्गांतल्या स्पर्श व्यंजनांनी सुरू होणाऱ्या शब्दाच्या आधी कापायला जागा मिळते, त्यातही क, ट, त, प यांसारख्या अघोष व्यंजनांआधी अगदी स्वच्छ. स, श यांच्या आधीही कापता येतं, फक्त घर्षणाची सुरुवात कानाने पकडावी लागते. अवघड असतं ते स्वराला स्वर भिडतो तिथे. “तो आला आणि आम्ही निघालो” यातला ‘आणि’ काढायचा असेल तर ‘आला’चा शेवट आणि ‘आणि’ची सुरुवात दोन्ही ‘आ’च. मॉडेल ‘आला’चा शेवट आणि ‘आणि’ची सुरुवात एकच वेळ दाखवेल. एका शब्दाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात हुबेहूब सारखी दिसली की समजायचं, इथे सीमा सापडलेली नाही, नुसती मान्य केलेली आहे.

तरीही हा ‘आणि’ निघतो, कारण तो काढल्यावर जे दोन आवाज शेजारी येतात ते सारखेच आहेत. ‘आला’मधला ‘आ’ आणि ‘आम्ही’मधला ‘आ’. ‘आला’च्या शेवटचा ‘आ’ निम्मा झाला की कापायचं आणि ‘आम्ही’च्या ‘आ’च्या मध्यावर उतरायचं. एका आवाजातून त्याच आवाजात उडी मारली की कानाला पत्ता लागत नाही, अट एकच, सूर जवळपास सारखा हवा. आजोबा ‘आला’वर सूर खाली आणून थांबले असतील आणि ‘आम्ही’ वर उचलला असेल, तर कितीही बारीक कापा, सांधा ऐकू येतो. मग ‘आणि’ राहू द्यावा. त्याने मुलाखतीचं काही बिघडत नाही.

आता भरवशाचं. मराठीत माझा अनुभव असा की वेळा चुकतात त्या बहुतेक वेळा मजकूर चुकल्यामुळे. सगळ्यांत मोठं कारण म्हणजे सॉफ्टवेअर न लिहिलेले आवाज. बरीच मॉडेलं ‘अं’, अडखळून दोनदा म्हटलेला शब्द, अर्धवट सुरू केलेलं वाक्य गाळून छान स्वच्छ मजकूर देतात. वाचायला बरं वाटतं, पण जे मजकुरात नाही ते खोडता येत नाही, आणि त्याचा वेळ कुठेतरी जावाच लागतो. मग तो शेजारच्या शब्दाला चिकटतो. ‘म्हणून’ हा शब्द दीड सेकंद चाललाय असं दिसलं तर आजोबा ‘म्हणून’ ताणत नसतात, त्याच्या आत एक ‘अं’ दडलेला असतो. तो शब्द खोडलात तर ‘अं’ही जाईल. ठेवलात तर ‘अं’ राहील आणि तुम्हाला तो मजकुरात कधीच दिसणार नाही.

आकड्यांचंही तसंच. आजोबा ‘अडीचशे’ म्हणतात आणि मजकुरात ‘२५०’ येतं. अक्षरं आवाजावर बसवणाऱ्या मॉडेलला ‘२५०’मध्ये उच्चार सापडत नाही, मग त्या शब्दाची वेळ एक तर गायब होते किंवा शेजाऱ्यांना ढकलते. ‘एकोणीसशे बहात्तर’ हेही अक्षरांतच हवं. ‘ट्रॅक्टर’, ‘सोसायटी’ असले शब्द आजोबांनी जसे उच्चारले तसे लिहा. ‘सोसायटी’ला ते ‘सुसायटी’ म्हणत असतील तर ‘सुसायटी’.

म्हणून मी क्रम असा ठेवतो. आधी फोनवरची फाइल एका साध्या वेव्ह फाइलमध्ये बदलायची, आणि मजकूर काढायलाही तीच, कापायलाही तीच.

```
ffmpeg -i mulakhat.m4a -ac 1 -ar 48000 base.wav
```

मग मजकूर ऐकत ऐकत पूर्ण दुरुस्त करायचा, ‘अं’ आणि अडखळणी सकट. मग दुरुस्त मजकूर पुन्हा आवाजावर बसवायचा. अनेक सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय असते. नसेल आणि थोडं प्रोग्रामिंग येत असेल तर मेटाच्या एमएमएस प्रकल्पातलं अलाइनमेंट मॉडेल हजाराहून अधिक भाषांसाठी आहे आणि त्यात मराठीही येते. फक्त त्याला मजकूर रोमन लिपीत करून द्यावा लागतो. दुरुस्तीचा हा कंटाळा बहुतेकांना येतो, पण पुढे प्रत्येक कापाला हाताने सरकवत बसण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

वेव्ह फाइल आधी का, याचं कारण थोडं वेगळं. मजकूर एका फाइलवरून काढला आणि कापलं दुसऱ्यावर, तर वेळा सरकलेल्या असतात. तपासायला सोपं आहे. सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असा एकेक शब्द निवडा, जो शांततेनंतर येतो, आणि नोंदलेल्या वेळेशी जुळवून ऐका. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर फाइलच्या सुरुवातीला थोडी भर पडली आहे. एमपी३ बनवताना अशी काही मिलिसेकंदांची शांतता पुढे लागू शकते. फरक वाढत वाढत गेला तर वेगाचा गोंधळ आहे, फोनवरच्या व्हिडिओमधून आवाज काढताना तो होतो. असं असेल तर एकेक काप दुरुस्त करत बसू नका. पुन्हा वेव्ह बनवून सगळं नव्याने बसवा. आणि तुम्ही व्हिडिओ कापत असाल तर हेही पाहा की सॉफ्टवेअर काप फ्रेमवर नेऊन बसवतं का. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, आणि वर पाहिलेल्या ‘त’ला ती भारी पडते.

श्वासाबद्दल थोडं. वाक्याआधीचा श्वास मजकुरात नसतो, म्हणून मधलं वाक्य काढलं की कधी दोन श्वास लागोपाठ येतात, कधी दोन वाक्यं श्वासच न घेता येतात. दुसरं जास्त खटकतं. २०१३ मध्ये स्टीव्ह रुबिन आणि सहकाऱ्यांनी मजकुरावरून आवाज कापायचं जे संशोधन मांडलं, त्यात श्वासही मजकुरात दाखवून ते शब्दासारखे काढता-घालता येतील अशी सोय होती. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर पुढच्या वाक्याचा श्वास त्याच्याबरोबरच ठेवा, म्हणजे उडी श्वासाच्या आधी टाका. कुठे विराम भरावा लागलाच तर कोरी शांतता टाकू नका, पंख्याचा आवाज अचानक गेलेला लगेच कळतो. रेकॉर्डिंग संपल्यावर कुणी न बोलता अर्धा मिनिट त्याच खोलीचा आवाज घेऊन ठेवा आणि तोच वापरा.

शेवटचं, दोघं एकदम बोलतात तेव्हाचं. मुलाखत घेताना आपण ‘हं’, ‘हो का’ म्हणतो, आणि मजकुरात ते वेगळ्या ओळीत येतात. ती ओळ खोडली की तेवढी वेळच जाते, आणि त्या वेळेत आजोबा बोलत असतील तर त्यांचा अर्धा शब्दही. एकाच फोनवर रेकॉर्ड केलं असेल तर तुमचा ‘हं’ तसाच राहू द्या. दोघांना वेगळे माइक असतील तर तुमच्या ट्रॅकवर तेवढा भाग फक्त मुका करा, वेळ काढू नका. आणि वाक्याच्या शेपटीला कात्री लावाल तेव्हा पुढचं एक वाक्य पुन्हा ऐका. मराठीत नकार शेवटी येतो. “त्या वर्षी आम्ही कांदा विकला… नाही” यात मध्ये विराम असतो, ‘नाही’ पुढच्या ओळीत जाऊन बसतो, आणि नजरेला ती ओळ उगाच उरलेली वाटते.